‘हो’वर टिक करण्याआधी: सायबर विम्याची प्रश्नावली पुराव्यानिशी कशी भरायची

ब्रोकरची मेल बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी येते. ‘सर, सोबत फॉर्म जोडला आहे. सोमवारपर्यंत सही-शिक्क्यासह पाठवा, म्हणजे कोटेशन लगेच काढतो.’ फॉर्म उघडावा तर पाच-सहा पानं, आणि अर्ध्या प्रश्नांपुढे ‘हो’ आधीच टिक केलेलं. गेल्या वर्षीचंच पुढे ओढलेलं असतं. गेल्या वर्षी ते कुणी भरलं होतं, कशाच्या आधारावर, हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही.

मी पुणे-चाकण पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांचं आयटी सांभाळतो. पहिला असा फॉर्म माझ्यासमोर आला तेव्हा मीही वीस मिनिटांत भरून मोकळा झालो होतो. एमएफए, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड, आहे? आहे. बॅकअप होतो? रोज रात्री होतो. अँटिव्हायरस? पैसे भरलेत, म्हणजे असणारच. यातलं एकही उत्तर मी खोटं म्हणून लिहिलं नव्हतं, आणि तरी तीनही चुकीची होती. ती का चुकली, आणि आता तोच फॉर्म मी कसा भरतो, ते इथे लिहितो. फॉर्ममध्ये इतरही पुष्कळ विचारतात, पण क्लेमच्या वेळी वाद पेटतो तो मुख्यतः या तीन ठिकाणी: एमएफए, एंडपॉइंट म्हणजे संगणक आणि सर्व्हर यांचं संरक्षण, आणि बॅकअप. तेवढ्यावरच थांबतो.

आधी एक खटला

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस नावाची इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी कंपनी आहे. तिने ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीकडून सायबर पॉलिसी घेतली. अर्जासोबत एमएफएबद्दल वेगळं निवेदन होतं आणि त्यावर कंपनीच्या प्रमुखाची सही होती. मे 2022 मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. क्लेम आल्यावर विमा कंपनीने तपास केला, तेव्हा तिच्या म्हणण्यानुसार एमएफए फक्त फायरवॉलवर निघाला. ज्या सर्व्हरवरून हल्ला झाला त्यावर नव्हता, इतर ठिकाणीही नव्हता. जुलैमध्ये ट्रॅव्हलर्स कोर्टात गेली. मागणी क्लेम नाकारण्यापुरती नव्हती, पॉलिसी मुळापासून रद्द समजावी अशी होती. ऑगस्टमध्ये दोन्ही पक्षांच्या संमतीने तसंच झालं.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहराच्या महापालिकेवर फेब्रुवारी 2024 मध्ये हल्ला झाला. तिथेही विमा कंपनीने क्लेम नाकारला आणि कारण हेच दिलं: हल्ल्याच्या वेळी काही विभागांत एमएफए पूर्ण लागू झालेला नव्हता.

आपल्याकडे विम्याचा करार ‘परम सद्भावा’वर उभा असतो. जोखमीवर परिणाम करणारी जी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती सांगणं तुमचं काम. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सतवंत कौर संधू प्रकरणात हेच तत्त्व लावलं. प्रकरण मेडिक्लेमचं होतं, अर्जात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लिहिलेला नव्हता, आणि क्लेम नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं. सायबर विम्याच्या अर्जाला वेगळा न्याय लागेल असं समजायला काही आधार नाही.

तर आता कामाला लागू. पुढचे आकडे एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे आहेत. नाव सांगत नाही.

पायरी 1: प्रश्नातले शब्द मोजा

फॉर्मची प्रिंट काढा आणि लाल पेनने प्रत्येक प्रश्नातल्या ‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘फक्त’, ‘किमान’ या शब्दांना गोल करा. मूळ इंग्रजीत ते all, every, only, at least असे येतात. खरा प्रश्न त्या शब्दातच असतो. ‘तुम्ही एमएफए वापरता का?’ आणि ‘सर्व रिमोट अ‍ॅक्सेससाठी एमएफए सक्तीचा आहे का?’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याला माझं उत्तर बरोबर होतं, पण फॉर्ममध्ये दुसरा प्रश्न होता.

एमएफएचा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये तीन तुकड्यांत येतो: बाहेरून ईमेल उघडताना, व्हीपीएनसारख्या मार्गाने नेटवर्कमध्ये शिरताना, आणि अ‍ॅडमिन अधिकार वापरताना. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. फॉर्ममध्ये ते एकाच ओळीत कोंबलेले असतील, तर आपल्या कागदावर तरी तीन ओळी करा.

एखाद्या शब्दाचा अर्थ कळत नसेल तर ब्रोकरला मेलवर विचारा, फोनवर नको. ‘रिमोट अ‍ॅक्सेसमध्ये मशीन दुरुस्तीवाल्या व्हेंडरचं कनेक्शन धरायचं का?’ या प्रश्नाचं लेखी उत्तर हाही एक पुरावाच असतो.

पायरी 2: एमएफए. नोंदणी वेगळी, सक्ती वेगळी

या कारखान्यात मायक्रोसॉफ्ट 365 होतं आणि 96 चालू खाती. आधी कुणाची एमएफए-नोंदणी झाली आहे त्याची यादी काढली:

```
Connect-MgGraph -Scopes "AuditLog.Read.All"
Get-MgReportAuthenticationMethodUserRegistrationDetail -All |
  Select-Object UserPrincipalName,IsAdmin,IsMfaRegistered |
  Export-Csv mfa.csv -NoTypeInformation
```

96 पैकी 81 जणांची नोंदणी होती. उरलेली 15 कोण? नऊ खाती शॉप फ्लोअरवरची, एकाच पासवर्डवर तीन शिफ्टचे सुपरवायझर वापरणारी. तीन खाती स्कॅनर आणि ईआरपीमधून मेल पाठवण्यासाठी. दोन खाती खुद्द संचालकांची, कारण ‘साहेबांना सारखा कोड टाकायचा त्रास होतो’. आणि एक अ‍ॅडमिन खातं जुन्या आयटी व्हेंडरचं. तो काम सोडून दोन वर्षं झाली होती, खातं मात्र शाबूत होतं.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि ‘81 जणांना एमएफए आहे’ असं लिहून टाकतात. नोंदणी झाली म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवून झालं, एवढंच. लॉगिन करताना तो कोड खरंच मागितला जातो का, हे ‘कंडिशनल अ‍ॅक्सेस’च्या नियमांवर ठरतं. म्हणून तिथे तीन गोष्टी बघायच्या. नियमाची स्थिती `On` आहे की `Report-only`? दुसरी असेल तर नियम फक्त नोंद ठेवतो, अडवत कुणालाच नाही. कुणीतरी ‘आधी चाचणी करू’ म्हणून तो तसा ठेवलेला असतो आणि मग दिवाळी येऊन जाते. दुसरं, `Exclude` या भागात कोण कोण बसलंय? तिसरं, ऑफिसचं नेटवर्क ‘विश्वासू जागा’ म्हणून वगळलंय का?

आमच्याकडे ऑफिसचं नेटवर्क वगळलेलं होतं. ‘बाहेरून ईमेल उघडताना’ एवढाच प्रश्न असेल तर ते चालतं. ‘सर्व वेळी’ असं विचारलं असेल तर चालत नाही. हा भेद उत्तरात लिहिलाच पाहिजे.

नियम वाचून जे कळत नाही ते लॉगिनच्या नोंदींत दिसतं. मायक्रोसॉफ्टची खाती जिथे सांभाळली जातात त्या एन्ट्रा कन्सोलच्या `Sign-in logs` मध्ये `Authentication requirement` हा फिल्टर लावून `Single-factor authentication` निवडा, स्थिती `Success` ठेवा. म्हणजे केवळ पासवर्डवर कोण आत आलं त्याची यादी मिळते. त्यात ऑफिसबाहेरचा आयपी पत्ता दिसला, तर एमएफएच्या प्रश्नाचं ‘हो’ तिथेच संपलं. ही यादी लगेच उतरवून ठेवा, कारण फुकटच्या योजनेत या नोंदी फक्त 7 दिवस टिकतात आणि पी1 परवान्यावर 30 दिवस. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार तर लॉग 180 दिवस जपायचे असतात, आणि लॉगचा प्रश्नही फॉर्ममध्ये असतोच. दोन्ही कामं एकदमच मार्गी लावा.

मग व्हीपीएन. त्याची खाती फायरवॉलमध्ये वेगळी होती, मायक्रोसॉफ्टशी त्यांचा संबंध नव्हता. एकूण 11 खाती, आठांवर एमएफए. उरलेली तीन व्हेंडरांची: एक ईआरपीवाला, दोघं मशीन दुरुस्तीवाले. व्हेंडरचं खातं आपलं मोजायचं का? आपल्या नेटवर्कचं दार ज्याला उघडतं, ते मोजायचं. नाही म्हणणारा अजून तरी मला भेटलेला नाही.

तिसरा तुकडा सगळ्यांत कमकुवत निघाला. डोमेन अ‍ॅडमिन म्हणून सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जाताना कोड कुणीच मागत नव्हतं. आत शिरलेला हल्लेखोर पुढे पसरतो तो इथूनच. इलिनॉयच्या त्या कंपनीचं दुखणंही याच जातीचं होतं: दारावर कुलूप आणि आतल्या खोल्या उघड्या.

पायरी 3: एंडपॉइंट. छेदातला आकडा शोधा

‘सर्व सर्व्हर आणि संगणकांवर ईडीआर बसवलेलं आहे का?’ असा प्रश्न येतो. ईडीआर म्हणजे संगणकावरची संशयास्पद हालचाल ओळखून अडवणारं सॉफ्टवेअर. ईडीआरच्या कन्सोलवर 131 संगणक दिसत होते, डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या संगणकांच्या मध्यवर्ती नोंदीत, 134. म्हणजे जवळजवळ सगळे झाले, असं वाटतं. मला तसंच वाटलं होतं.

चूक अशी की या दोन याद्यांतले संगणक एकच आहेत असं मी धरून चाललो. नावानिशी जुळवून पाहिलं तेव्हा चित्र उलटलं. आधी डोमेनमधले खरोखर चालू असलेले संगणक काढा:

```
$d = (Get-Date).AddDays(-45)
Get-ADComputer -Filter 'Enabled -eq $true -and LastLogonDate -gt $d' `
  -Properties LastLogonDate,OperatingSystem |
  Select-Object Name,OperatingSystem,LastLogonDate |
  Export-Csv ad.csv -NoTypeInformation
```

45 दिवस का? कारण डोमेनमधली ही तारीख रोज ताजी होत नाही, ती दोनेक आठवडे मागे असू शकते. 15 दिवसांची चाळण लावली तर रोज वापरातला संगणकही गळून पडेल.

मग ईडीआरच्या कन्सोलमधून यादी उतरवा, आणि त्यातून ‘शेवटचा संपर्क’ 30 दिवसांपेक्षा जुना असलेल्या ओळी काढून टाका. आमच्याकडे अशा 17 निघाल्या. काही संगणक भंगारात गेलेले, काही फॉरमॅट मारून नव्या नावाने परत आलेले, त्यामुळे जुनं नाव तसंच लोंबकळत राहिलेलं. जिवंत राहिले 114. आता दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. ईडीआरच्या यादीत नावाच्या स्तंभाचं शीर्षक `Name` करून घ्या:

```
$ad  = Import-Csv ad.csv
$edr = Import-Csv edr.csv
Compare-Object $ad.Name $edr.Name -IncludeEqual |
  Export-Csv farak.csv -NoTypeInformation
```

`==` म्हणजे दोन्हीकडे आहे. `<=` म्हणजे डोमेनमध्ये आहे पण ईडीआर नाही, हीच खरी कामाची यादी. `=>` म्हणजे ईडीआर आहे पण डोमेनमध्ये नाही. आमचे आकडे: 110 जुळले, 24 उघडे, आणि चार लॅपटॉप डोमेनबाहेरचे पण ईडीआर असलेले. त्या 24 मध्ये तीन सर्व्हर होते.

एवढ्यावरही हिशेब पुरा होत नाही, कारण जे डोमेनमध्येही नाही आणि ईडीआरमध्येही नाही, ते कुठल्याच यादीत येत नाही. त्याला पायीच फिरावं लागतं. वही घेऊन शॉप फ्लोअरवर गेलो तेव्हा मशीन ऑपरेटर मला म्हणाला, “सर, इथे कशाला? हे मशीन आहे, कॉम्प्युटर नाही.” त्या सीएनसी मशीनच्या पॅनेलचं झाकण उघडलं तर आत विंडोज 7. असे सात. सातही स्थिर आयपीवर, त्यामुळे डीएचसीपीच्या यादीतसुद्धा नव्हते. स्विचच्या एआरपी तक्त्यात मात्र सगळे सापडले. तो तक्ता आधी काढला असता तर पायपीट वाचली असती, पण मग मशीन बघायला मिळाली नसती.

तर छेद झाला 134 अधिक 4 अधिक 7, म्हणजे 145. अंश 114. कन्सोल बघून जे 98 टक्के वाटत होतं, ते खरं 79 टक्के होतं.

कन्सोलमध्ये आणखी एक गोष्ट तपासा: एजंट बसलेला आहे, पण कोणत्या धोरणाखाली? काही संगणक ‘फक्त शोधा, अडवू नका’ या गटात पडून असतात. फॉर्ममध्ये ‘ब्लॉकिंग मोड’बद्दल विचारलं असेल तर ते संगणक अंशातून वजा करा.

पायरी 4: बॅकअप. हिरवा रंग हा पुरावा नाही

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. माझी सगळ्यांत मोठी चूकही इथलीच आहे.

बॅकअप सॉफ्टवेअरचा महिन्याचा अहवाल काढला. 30 पैकी 30 रात्री `Success`. छान वाटतं. पण `Success` चा अर्थ एवढाच की जे सांगितलं होतं ते काम झालं. काय सांगितलं होतं ते बरोबर होतं का, याबद्दल सॉफ्टवेअर मौन पाळतं.

म्हणून रिस्टोअर करून बघायचं. बॅकअपमधून टॅलीचा डेटा एका वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर उतरवला आणि अकाउंट्समधल्या ताईंना बोलावलं. कंपनी उघडली, सगळे लेजर दिसले. मी खुश. त्यांनी डे-बुक उघडलं, खाली खाली गेल्या आणि थांबल्या.

“सर, शेवटचं व्हाउचर 11 तारखेचं आहे.”

“मग?”

“अहो, ही मागच्या महिन्याची 11 तारीख आहे.”

झालं असं होतं की सर्व्हरवरचा D: ड्राइव्ह भरला म्हणून टॅलीचा डेटा मागच्या महिन्यात E: वर हलवला होता. हलवला मीच होता. बॅकअपच्या कामात मात्र फक्त C: आणि D: निवडलेले होते. D: वर जुना डेटा तसाच होता, सॉफ्टवेअर रोज रात्री इमानेइतबारे त्याचाच बॅकअप घेत होतं आणि हिरवी खूण दाखवत होतं. संगणकवाल्याने फाइल उघडते का एवढंच पाहिलं असतं तर हे कधी कळलं नसतं. म्हणून रिस्टोअरची चाचणी तो डेटा रोज वापरणाऱ्या माणसाला घेऊनच करा, आणि चाचणीच्या कागदावर त्याचीही सही घ्या.

त्या कागदावर काय लिहायचं? कोणत्या सर्व्हरचा, कोणत्या तारखेचा बॅकअप. रिस्टोअर सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. डेटा किती जीबी. कुणी उघडून पाहिलं आणि सर्वांत ताजी नोंद कोणत्या तारखेची दिसली. अर्धं पान पुरतं.

वेळ लिहिण्याला खास कारण आहे. ‘महत्त्वाच्या यंत्रणा किती वेळात पूर्ववत होतील?’ असा प्रश्न असतो आणि पर्यायांत ‘24 तासांच्या आत’ हा मोह पाडणारा चौकोन असतो. आमचा ईआरपीचा डेटाबेस 310 जीबीचा. तो नॅसवरून, म्हणजे बॅकअप साठवणाऱ्या नेटवर्कवरच्या डिस्कवरून, परत आणायला 4 तास 20 मिनिटं लागली. म्हणजे 24 तासांत आरामात बसलं की! पण हल्ला झाला की एकच सर्व्हर जात नाही, सगळे जातात. आठही सर्व्हर मिळून डेटा होता सुमारे 2.6 टीबी. 310 जीबीला 260 मिनिटं, म्हणजे मिनिटाला जेमतेम 1.2 जीबी. त्याच गतीने 2.6 टीबीला साधारण 36 तास लागतात, तेही कुठे अडखळलं नाही तर. शिवाय तपास करणाऱ्यांनी डिस्कची प्रत घेईपर्यंत जुन्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. आम्ही चौकोन बदलला आणि पुरवणीत हा हिशेब जोडला.

उरलेला प्रश्न बॅकअप वेगळा ठेवला आहे का, हा. इथे स्वतःला एकच विचारा: डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, तो बॅकअपही पुसू शकतो का? आमचा नॅस डोमेनलाच जोडलेला होता, म्हणजे उत्तर ‘हो, पुसू शकतो’. अशा वेळी ‘बॅकअप नेटवर्कपासून वेगळा आहे’ यावर टिक करता येत नाही, नॅस दुसऱ्या इमारतीत असला तरी. यूएसबी डिस्क दर शनिवारी घरी नेण्याची पद्धत होती आणि ती खरोखर वेगळी प्रत ठरली असती. पण डिस्कच्या रजिस्टरमधली शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती. जी नोंद नाही ती डिस्क नाही, असंच धरायचं.

पायरी 5: पुरावे कसे आणि कुठे ठेवायचे

प्रत्येक प्रश्नाला एक फोल्डर, नावात प्रश्न क्रमांक आणि तारीख. आत उतरवलेली मूळ यादी, सेटिंगचे स्क्रीनशॉट आणि चार ओळींची टीप: काय काढलं, कोणत्या कन्सोलमधून, कुणी, कधी. स्क्रीनशॉट घेताना ब्राउझरचा पत्ता आणि खालचं घड्याळ कापू नका. नुसत्या हिरव्या चौकोनाचं चित्र सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाही ओळखू येणार नाही.

यादीत नंतर कुणी फेरफार केला नाही हे दाखवता यावं म्हणून फाइलचा हॅश काढून टीपेत लिहा:

```
Get-FileHash .\mfa.csv
```

हा सगळा गठ्ठा ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवला तर हल्ल्याच्या दिवशी तोही कुलूपबंद होईल. एक प्रत बाहेर ठेवा. कंपनी सेक्रेटरीच्या कपाटातला पेन ड्राइव्ह आणि महत्त्वाच्या पानांच्या प्रिंट चालतील. पॉलिसीची प्रतही सर्व्हरवर उघडी टाकू नका. हल्लेखोर आत आल्यावर फायली चाळतात, आणि विम्याची रक्कम त्यांना कळली की खंडणीचा आकडा कुठे थांबायचा तेही कळतं.

आणि कच्च्या याद्या विमा कंपनीला आपणहून पाठवू नका. त्यात लोकांची नावं असतात, उघड्या संगणकांची नावं असतात. आकडे आणि सारांश द्या, मूळ कागद आपल्याकडे तयार ठेवा.

पायरी 6: जे झाकता येतं ते झाका, उरलं ते लिहा

ब्रोकरकडून तीन आठवड्यांची मुदत मागितली, ती मिळाली. मुदत मागायला लोक उगाच लाजतात. तेवढ्यात जुन्या व्हेंडरचं अ‍ॅडमिन खातं बंद केलं, संचालकांना एमएफए लावला, व्हीपीएनची तीन खाती दुरुस्त केली. उघड्या 24 पैकी 19 संगणकांवर आणि दोन सर्व्हरवर ईडीआर बसवलं, दोन संगणक भंगारात काढले. एका सर्व्हरवर जुना ईआरपी आहे, त्याच्या विंडोजवर आमच्या ईडीआरचा एजंट चालत नाही. तो आणि सात मशीन उरली. नवा हिशेब: 143 पैकी 135. E: ड्राइव्ह बॅकअपमध्ये घेतला आणि रिस्टोअर पुन्हा करून पाहिलं. नॅस डोमेनमधून काढून त्याला वेगळा पासवर्ड दिला.

शॉप फ्लोअरची नऊ खाती आणि सर्व्हरवरचा अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस एवढ्यात होणं शक्य नव्हतं.

सही करायची वेळ आली तेव्हा संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अहो, आठच तर राहिलेत. ‘हो’ म्हणून टाका ना, प्रीमियम वाढवतील नाहीतर.”

मी म्हटलं, “साहेब, सही तुमची आहे. आठ राहिलेत हे मला माहीत आहे आणि आता तुम्हालाही माहीत आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुरवणी वाचली आणि मग सही केली. सही करणाऱ्याला फॉर्मसोबत पुरावेही दाखवा, आणि तयार करणारा व सही करणारा वेगळे असतील तर दोघांची नावं टीपेत घाला.

पुरवणी म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पान. ‘हो’ किंवा ‘नाही’ या दोनच चौकोनांत न मावणारं सगळं त्यात येतं. आमच्या पानावरचा एक परिच्छेद असा होता:

‘प्रश्न 14, ईडीआर: नाही, अंशतः. या पत्राच्या तारखेस 143 पैकी 135 संगणकांवर ईडीआर कार्यरत आहे. उरलेल्या आठपैकी सात सीएनसी मशीनचे नियंत्रक असून त्यांवर ईडीआर बसवता येत नाही. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये असून त्यांना इंटरनेट नाही. एका जुन्या सर्व्हरवर ईडीआर नाही. तो बदलण्याचं काम सुरू आहे.’

यात ‘लवकरच’ नाही, ‘जवळपास सर्व’ नाही. ‘व्हीलॅनमध्ये असून’ असं लिहिण्याआधी त्या मशीनवरून इंटरनेट खरंच लागत नाही ना, हे जाऊन तपासलं. सातपैकी एकावर लागत होतं. ते बंद केलं, मग वाक्य लिहिलं.

‘काम सुरू आहे’ याच्यापुढे तारीख घालताना दोनदा विचार करा. विमा कंपनी ती तारीख उचलून पॉलिसीची अट करू शकते: अमुक दिवसांत हे पूर्ण करा. मग ती पाळणं बंधनकारक होतं. सर्व्हरची ऑर्डर गेली नसेल तर तारीख लिहू नका.

फॉर्म गेल्यानंतर

अर्ज पाठवणं आणि पॉलिसी सुरू होणं यात काही आठवडे जातात. त्या दरम्यान काही बदललं, तर ते ब्रोकरला मेलने कळवा. एमएफएचा नियम काही कारणाने बंद करावा लागला, नवी शाखा जोडली, छोटा का होईना हल्ला झाला, हे सगळं त्यात येतं. पॉलिसी हातात आल्यावर तिला जोडलेला अर्ज उघडून बघा. त्यात तुमची पुरवणी आहे का? आमच्या वेळी नव्हती. ब्रोकरने फॉर्म पुढे पाठवला होता आणि पुरवणी त्याच्याच मेलमध्ये राहून गेली होती. फॉर्मवर ‘सोबतचं पत्र पाहा’ असं हाताने लिहिलेलं होतं म्हणून विमा कंपनीनेच ती मागवून घेतली. तेव्हापासून मी पुरवणी फॉर्मच्याच पीडीएफमध्ये शेवटचं पान म्हणून जोडतो आणि प्रत्येक पानावर ‘7 पैकी 3’ असे आकडे घालतो.

पुरवणी वाचून त्यांच्याकडून दोन प्रश्न आले. सात मशीनच्या व्हीलॅनचा पुरावा द्या, आणि सर्व्हरवरच्या अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेसचं काय करणार ते सांगा. पहिल्याला फायरवॉलच्या नियमाचा स्क्रीनशॉट गेला, तो फोल्डरमध्ये होताच. दुसऱ्यावर पॉलिसीत अट आली: 60 दिवसांत अ‍ॅडमिन खात्यांना एमएफए. ती तारीख मी माझ्या, संचालकांच्या आणि अकाउंट्समधल्या ताईंच्या, तिघांच्याही कॅलेंडरमध्ये टाकली. 52 व्या दिवशी ताईंचाच फोन आला, “सर, ते कोडचं झालं का?”